नो-कॉस्ट ईएमआयच्या बिलात व्याज आलं कुठून?

*नमस्कार. मुलीच्या अकरावीसाठी ऑनलाइन फोन घेतला. किंमत २४,०००. सहा महिने, चार हजारांचा हप्ता, नो-कॉस्ट ईएमआय, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. कार्डावर एकरकमी घेतला असता तर १,५०० रुपये सूट मिळत होती, पण हप्त्याला खर्चच नाही म्हटल्यावर मी हप्ते निवडले. पहिलं स्टेटमेंट आलं तर फोनपोटी ४,२८६ रुपये ५३ पैसे! त्यात व्याज, जीएसटी, प्रोसेसिंग फी. आणि फोनचं बिल उघडून पाहिलं तर त्यावर किंमत २२,९८४. कस्टमर केअरवाली म्हणते, मॅडम, सगळं बरोबर आहे. हे म्हणतात, तुला गंडवलं. खरं कोण? उरलेले पैसे एकदम भरून मोकळी होऊ का?*
*— एक वाचक, मिरज*

ताई, कस्टमर केअरवालीचा हिशोब बरोबर आहे आणि तुमच्या यजमानांचा संशयही अगदीच चुकीचा नाही. मात्र ते ज्या व्याजावर बोट ठेवताहेत तिथे तुमचं फारसं नुकसान झालेलं नाही. ते दुसरीकडे झालंय. तिथे पोचण्याआधी ते २२,९८४ कुठून आले ते बघू, कारण सगळी मेख त्या आकड्यात आहे.

बँक तुम्हाला बिनव्याजी पैसे देत नाही. कोणालाच देत नाही. तुमच्या कार्डावर ईएमआयचा दर वर्षाला १५ टक्के असणार; तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तोच निघतो. आता विकणाऱ्याला जाहिरात करायची आहे की चोवीस हजारांचा फोन, चार हजारांचे सहा हप्ते, वर एक पैसा नाही. मग हिशोब उलट्या बाजूने मांडला जातो. १५ टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी किती कर्ज दिलं तर हप्ता बरोबर ४,००० येईल? उत्तर येतं २२,९८४. म्हणून फोनची किंमत १,०१६ रुपयांनी उतरवायची आणि बँकेला सांगायचं, एवढ्याच रकमेचं कर्ज बांधा. बँक त्यावर आपलं नेहमीचं व्याज लावते. सहा महिन्यांचं ते व्याज होतं १,०१६ रुपये. म्हणजे एका हाताने सूट मिळते आणि तेवढंच व्याज दुसऱ्या हाताने जातं. बेरीज पुन्हा चोवीस हजार.

ऑर्डर देताना ही सूट बहुतेक ठिकाणी दिसते. पैसे भरण्याच्या पानावर ईएमआयचा पर्याय निवडला की खालच्या तपशिलात नो-कॉस्ट ईएमआय डिस्काउंट अशी वजा रकमेची ओळ येते, आणि बँक किती व्याज आकारणार तेही तिथेच बारीक अक्षरात असतं. आपण बघतो ते ठळक ४,००० x ६. तुमच्या ऑर्डरचा तपशील अजून अॅपमध्ये असेल, उघडून बघा.

ही सूट बँक देत नाही. ती फोनची कंपनी किंवा विक्रेता आपल्या खिशातून सोसतो. बँकेला तिचं व्याज पूर्णच्या पूर्ण मिळतं, म्हणून तिच्या पुस्तकात तुमचा ईएमआय हा साधा, सव्याज ईएमआयच आहे. 'नो-कॉस्ट' हे नाव दुकानाने लावलेलं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, आणि असल्या योजनांमध्ये व्याज बऱ्याचदा प्रोसेसिंग फीच्या रूपात लपवून ग्राहकाच्या माथी मारलं जातं.

आता तुमचं स्टेटमेंट. ओळींची नावं बँकेगणिक थोडी बदलतात, पण तुमच्या पहिल्या महिन्याचा मजकूर साधारण असा असायला हवा:

```
EMI PRINCIPAL 1/6        3,712.70
EMI INTEREST 1/6           287.30
GST ON INTEREST             51.71
PROCESSING FEE             199.00
GST ON PROCESSING FEE       35.82
```

जीएसटीची एकच ओळ असेल किंवा सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा दोन. दोन असतील तर त्यांची बेरीज करा. या पाच ओळी मिळून ४,२८६.५३ होतात, म्हणजे तुमचाच आकडा.

पहिल्या दोन ओळींची बेरीज बघा: बरोबर ४,०००. इथपर्यंत जाहिरात खरी आहे. २२,९८४ वर महिन्याचे सव्वा टक्का म्हणजे २८७.३० व्याज, उरलेले ३,७१२.७० मुद्दलात जमा. पुढच्या महिन्यात व्याज फक्त उरलेल्या १९,२७१.३० वर लागेल, म्हणून ते २४०.८९ होईल आणि मुद्दलाचा वाटा वाढेल. असं करत सहाव्या महिन्यात व्याज ४९ रुपयांवर येतं. हप्ता दर वेळी चार हजारच. काही बँका कर्ज बांधल्याच्या तारखेपासून स्टेटमेंटच्या तारखेपर्यंतचे दिवस मोजून व्याज लावतात, तिथे पहिल्या महिन्याचा आकडा थोडा वरखाली होतो. तुमच्याकडे तसं झालेलं दिसत नाही.

गळती सुरू होते तिसऱ्या ओळीपासून. विक्रेत्याने सूट दिली ती व्याजाएवढी. त्या व्याजावर सरकार १८ टक्के जीएसटी घेतं, त्याची भरपाई त्याने केलेली नाही. घरकर्जाच्या किंवा साध्या वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, म्हणून आपल्याला व्याजावर कर ही कल्पनाच सुचत नाही. पण क्रेडिट कार्डाचं व्याज त्या सवलतीतून वगळलेलं आहे. पहिल्या महिन्यात ५१.७१, मग ४३.३६, असं उतरत उतरत सहा महिन्यांत १८२.८७ रुपये होतात. शिवाय प्रोसेसिंग फी १९९ आणि तिच्यावरचा जीएसटी ३५.८२. ही फी एकदाच लागते आणि ती किती हे बँकेवर असतं.

सगळं धरून तुम्ही २४,००० ऐवजी २४,४१७ रुपये ६९ पैसे भरणार. 'नो-कॉस्ट'ची कॉस्ट ४१८ रुपये. चोवीस हजार सहा महिन्यांत फेडायचे तर हे वर्षाला साधारण ६ टक्के व्याजासारखं पडतं. कार्डावरच्या उधारीच्या मानाने हे खरोखर स्वस्त आहे. इथेच विषय संपला असता तर यजमानांना मी सांगितलं असतं की गप्प बसा.

पण विषय इथे संपत नाही, कारण तुम्ही पत्रात ते १,५०० सहज सांगून पुढे गेलात. त्या दिवशी त्या फोनची तुमच्यासाठीची खरी किंमत २४,००० नव्हतीच, ती २२,५०० होती. एकरकमी घेणाऱ्याला तो त्या किमतीत मिळत होता. हप्ते घ्यायचे म्हणून तुम्ही दीड हजारांची सूट सोडली आणि बदल्यात १,०१६ ची सूट घेतली, तीही व्याजात जाणारी. म्हणजे २२,५०० च्या वस्तूला तुम्ही सहा महिन्यांत २४,४१७.६९ देणार, १,९१७ रुपये जास्त. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरून याचा वार्षिक दर काढला तर तो २९ टक्क्यांच्या आसपास येतो. हे व्याज कुठल्याच स्टेटमेंटवर छापून येत नाही, कारण ते बँकेने घेतलंच नाही. ते फोनच्या किमतीत बसलंय.

आता जरा गंमत बघा. समजा, तुम्ही सूट घेऊन २२,५०० ला कार्ड पूर्ण स्वाइप केलं असतं आणि दोन दिवसांनी बँकेच्या अॅपमधून तोच व्यवहार साध्या, उघड व्याजाच्या ईएमआयमध्ये बदलून घेतला असता. तोच १५ टक्के दर, तीच १९९ फी. हप्ता आला असता सुमारे ३,९१६. सहा महिन्यांचं व्याज ९९५, त्यावर जीएसटी १७९, फी करासह २३५. एकूण २३,९०८. म्हणजे सव्याज ईएमआय नो-कॉस्टपेक्षा ५०९ रुपयांनी स्वस्त पडला असता! नंतर बदलताना दर अनेकदा जास्त असतो, हे खरं. पण १८ टक्के धरले तरी एकूण २४,१४६ येतात, तुमच्यापेक्षा कमीच. यात अट एकच तपासायची: काही एकरकमी सवलतींच्या अटींत लिहिलेलं असतं की व्यवहार नंतर ईएमआयमध्ये बदलला तर सूट परत घेतली जाईल. ते वाचूनच करायचं. आणि हातात पैसे असतील तर ईएमआय कशालाच नको. बिलाच्या देय तारखेपर्यंत कार्ड तसंही बिनव्याजी वापरायला मिळतं, आधीची थकबाकी नसेल तर.

म्हणून पुढच्या वेळी ही वस्तू नो-कॉस्टवर आहे का, हे विचारू नका. आजच्या आज एकरकमी भरले तर शेवटची किंमत किती, ते आधी काढा. ऑनलाइन असेल तर पेमेंटच्या पानावर कार्ड पूर्ण पेमेंटला लावून बघा, मग ईएमआयला लावून बघा. मागे येऊन पर्याय बदलता येतो, पैसे लगेच कापले जात नाहीत. दोन्ही आकडे एकच असतील तर नो-कॉस्ट घ्यायला हरकत नाही, खर्च फक्त जीएसटी आणि फीचा. एकरकमीची किंमत कमी असेल तर तो फरक हेच तुमचं लपलेलं व्याज.

शहरातल्या मोबाइलच्या दुकानात हाच खेळ थोडा वेगळा चालतो, तेवढं सांगून ठेवतो, कारण मुलीच्या मागून धाकट्याचा नंबर लागणारच. तिथे काही योजनांमध्ये सूट बिलात न देता नंतर कॅशबॅक म्हणून कार्डावर जमा होते. मग कर्ज पूर्ण २४,००० चं बांधलं जातं, हप्ता ४,००० न येता ४,१७७ येतो, आणि १,०६१ रुपये पुढे कधीतरी जमा होतात. मशीनमधून निघणाऱ्या चिठ्ठीवर कर्जाची रक्कम, व्याजदर, हप्ता आणि कॅशबॅक हे सगळं असतं. ती चिठ्ठी जपून ठेवा आणि फोटोही काढून ठेवा, शाई कालांतराने उडते. कॅशबॅक आला नाही तर तेवढाच पुरावा हातात राहतो. दुकानदाराने तोंडी सांगितलेल्या 'येतील ताई, दोन-तीन महिन्यांत' या वाक्याची किंमत शून्य. आणि दुकानात घासाघीस करताना आधी रोखीचा भाव ठरवा, मग हप्त्याचं नाव काढा. आधी हप्ते म्हणालात की भाव खाली येतच नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, एकदम भरून मोकळं व्हायचं का. पहिला हप्ता भरल्यावर मुद्दल उरतं १९,२७१. मुदतीआधी बंद करायला बऱ्याच बँका उरलेल्या मुद्दलावर ३ टक्क्यांच्या आसपास शुल्क घेतात, वर जीएसटी. ३ टक्के धरले तर ते ६८२ रुपये होतात. वाचेल किती? उरलेलं व्याज ७२९ आणि त्यावरचा जीएसटी १३१, मिळून ८६०. फायदा १७८ रुपयांचा. पण त्यासाठी एकोणीस हजार आज द्यावे लागतील. तेच पैसे बचत खात्यात ३ टक्क्यांनी पडून राहून हप्त्याहप्त्याने गेले तर जवळपास १४६ रुपये व्याज मिळवतील. खरा फायदा तीसेक रुपये. दुसरा हप्ता भरल्यानंतर हिशोब उलटतो: शुल्क ५४९, वाचणारं ५७६, आणि बचत खात्याचं व्याज बुडतं ते वेगळं. त्यामुळे राहू द्या. हप्ते वेळेवर भरत राहा. तुमच्या बँकेचं बंद करण्याचं शुल्क शून्य असेल तरच भरून टाका. शुल्काचा आकडा कार्डाच्या अटींच्या पत्रकात सापडेल. प्रोसेसिंग फी काही झालं तरी परत मिळायची नाही.

या सहा महिन्यांत एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. स्टेटमेंटवर एकूण देय आणि किमान देय असे दोन आकडे असतात. ईएमआयचा हप्ता किमान देय रकमेत पूर्ण धरलेला असतो, त्यामुळे किमान रक्कम भरली की 'हप्ता तर गेला' असं वाटतं. पण त्याच कार्डावर किराणा, वीजबिल, पेट्रोल असेल तर ते मागे राहतं, आणि त्यावर ईएमआयचा १५ टक्के दर लागत नाही. कार्डाचा नेहमीचा दर लागतो, जो अनेक बँकांचा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात आहे, म्हणजे वर्षाला बेचाळीस. वर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. ऑटोपे लावलं असेल तर ते किमान रकमेवर आहे की पूर्ण रकमेवर, हे आजच बघा. हप्ता चुकवलात तर नो-कॉस्टमध्ये वाचवलेलं सगळं लेट फी आणि व्याजात एका महिन्यात जाईल.

लिमिट कमी दिसतेय म्हणून घाबरू नका. फोनच्या कर्जाचे २२,९८४ लिमिटमधून अडकलेले असतात आणि दर महिन्याला मुद्दल फिटेल तसे सुटतात. व्याजाचा भाग भरून लिमिट मोकळी होत नाही.

तक्रार करायची का? रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत स्पष्ट म्हटलंय की व्यवहार ईएमआयमध्ये बदलण्याआधी बँकेने मुद्दल, व्याज आणि नो-कॉस्ट करण्यासाठी दिलेली सूट हे तिन्ही ग्राहकाला दाखवायचे, आणि स्टेटमेंटवरही वेगवेगळे दाखवायचे. व्याज असलेला ईएमआय बिनव्याजी म्हणून खपवायचा नाही. तुमच्या स्टेटमेंटवर पहिले दोन दिसताहेत. तिसरा, म्हणजे १,०१६ ची सूट, कुठे आहे का बघा. नसेल तर बँकेला लेखी विचारा: माझ्या कर्जाचा दर, पूर्ण हप्तेपत्रक आणि सुटीची रक्कम कळवा. फोनवर नको, ईमेलने. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, वकील लागत नाही, फी नाही. मात्र त्यातून दीड हजार परत मिळतील अशी आशा ठेवू नका. एकरकमीची सूट न घेणं हा तुमचा निर्णय होता, त्याला कुठला नियम आड येत नाही.

आणि एक, फोन सदोष निघाला आणि परत करायची वेळ आली तर. विक्रेता २२,९८४ कार्डावर परत करेल, पण बऱ्याच बँकांत त्याने ईएमआय आपोआप बंद होत नाही. पैसे खात्यात जमा दिसतात आणि पुढच्या महिन्यात हप्ता पुन्हा येऊन बसतो. परतावा जमा झाल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी बँकेला ईएमआय रद्द करायला सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. तोवर लागलेलं व्याज आणि त्यावरचा जीएसटी परत मागा. सगळ्याच बँका देत नाहीत, पण न मागणाऱ्याला कोणीच देत नाही.